किलोमागचा दर तिकिटावर छापा: नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

पुण्यात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासदांची विमानाची तिकिटे काढून देण्याचे काम मी करते. बहुतेक मंडळी बेंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्लीला मुलामुलींकडे जाणारी असतात. काही जण मुंबईहून पुढे अमेरिकेला नातवंडांकडे जातात. तिकिटाचा दर त्यांना माहीत असतो आणि तो मान्यही असतो. घोळ होतो तो तिकीट हातात आल्यानंतर सामान, जागा आणि चेक-इन यांसाठी मागितल्या जाणाऱ्या पैशांत. त्यातले काही पैसे देण्याची गरजच नसते, काही आधी दिले तर कमी द्यावे लागतात आणि थोडेच खरोखर टळत नाहीत. हा फरक प्रवाशाला वेळेवर कळत नाही, आणि तो कळवणे आपल्या अधिकारात आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. सामानाचे दर बांधून द्या, अशी माझी मागणी नाही. आपल्या कार्यालयाने २०१६ साली तसा प्रयत्न केला होता. १५ ते २० किलोंमधल्या जादा सामानाला किलोमागे १०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नयेत, असा तो आदेश होता. विमान कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर दर वाढत गेले. तो वाद मी इथे पुन्हा काढत नाही. जो दर कंपनी आकारणार आहे, तो प्रवाशाला घरी बसून, आकड्यात, आधी दिसला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे मागणे नवे नाही, कारण त्यातला अर्धा भाग आपणच लिहून ठेवला आहे. फेब्रुवारी २०२१ च्या परिपत्रकात आपण कंपन्यांना चेक-इन सामानाशिवायचे स्वस्त तिकीट विकायला परवानगी दिली. ती देताना अट घातली की असा प्रवासी सामान घेऊन काउंटरवर आला तर किती पैसे पडतील, हे आरक्षण करताना ठळक दाखवायचे आणि तिकिटावर छापायचे. अट अगदी योग्य आहे. पण ती सामानाशिवायच्या तिकिटापुरती आहे. ज्याच्या तिकिटात १५ किलो सामान धरलेले आहे, त्याला सोळाव्या किलोचा दर तिकिटावर सापडत नाही. तिथे 'जादा सामानास नियमानुसार आकार' अशा अर्थाचे एक वाक्य असते. खरा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर, शुल्कांच्या लांबलचक तक्त्यात. सत्तरीतला माणूस फोनवर तो तक्ता उघडून वाचेल, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

हा आकडा हाती असला तर काय होते, ते एका जोडप्याच्या सामानावरून सांगते. मे महिना, पुणे ते बेंगळुरू, दोन माणसे. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातली बॅग, हे आता बहुतेक कंपन्यांचे मोजमाप आहे. यांची मोठी बॅग १९ किलोंची, छोटी ९ किलोंची, आणि लेकीसाठी हापूसचे दोन डझनांचे खोके ७ किलोंचे. एकूण ३५ किलो, म्हणजे दोघांचे मिळून ५ किलो जास्त.

दर कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून हिशेबासाठी काउंटरवरचा दर किलोमागे ६५० रुपये आणि आधी ऑनलाइन घेतलेल्या ५ किलोंची किंमत २,४०० रुपये धरते. काउंटरवर जाऊन वजन केले तर ३,२५० रुपये. आदल्या दिवशी घरून ५ किलो विकत घेतले तर २,४००. एवढे बहुतेकांना कोणीतरी सांगितलेले असते. पण हे पैसे पूर्णच वाचू शकतात. दोघांच्या हातातल्या बॅगा ४-४ किलोंच्या होत्या. म्हणजे तिथे अजून ६ किलोंची जागा होती. छोट्या बॅगेतले ५ किलो कपडे आणि पुस्तके त्या दोन बॅगांत गेली. उरलेले ४ किलो मोठ्या बॅगेत घातले, ती २३ किलोंची झाली. छोटी बॅग घरीच राहिली. आता चेक-इनला मोठी बॅग २३ आणि खोके ७, बरोबर ३० किलो आणि दोनच नग. शुल्क शून्य.

नगांची गोष्ट मुद्दाम लिहिली आहे. काही कंपन्या माणशी एकच नग मोफत घेतात, मग वजन कितीही कमी असो. दोन माणसांचे तीन नग झाले की वजन बसत असूनही पैसे लागतात. आंब्याचे खोके नेणाऱ्या माणसाला हे काउंटरवर पहिल्यांदा कळते आणि मग रांगेत उभ्याउभ्या बॅगा उघडाव्या लागतात. त्या घाईत आणखी एक चूक होते. हातातली बॅग चेक-इनला देऊन टाकली जाते आणि तिच्यात पॉवर बँक राहते. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, त्यामुळे बॅग अडकते आणि माणसाला परत बोलावले जाते. उलट लोणच्याची बरणी हातात घेतली तर ती सुरक्षा तपासणीत काढून ठेवावी लागते. म्हणून वजन हलवताना कपडे, चादरी, पुस्तके आणि फायली हातातल्या बॅगेत घ्याव्यात, आणि लोणचे, तेल-तूप चेक-इनमध्येच ठेवावे.

याच जोडप्याची तिकिटे दोन वेगळ्या पीएनआरवर निघाली असती तर काय झाले असते, तेही सांगते. खोके बाजूला ठेवू. फक्त दोन बॅगा, १९ आणि ९ किलोंच्या. दोघांचे मिळून २८, म्हणजे मर्यादेपेक्षा २ किलो कमी. एकाच पीएनआरवर असतील तर वजन एकत्र धरले जाते आणि काही भरावे लागत नाही. वेगळ्या पीएनआरवर असतील तर १९ किलोवाल्याचे ४ किलो जादा धरले जातात, २,६०० रुपये. दुसऱ्याचे ६ किलो वाया. मुलगा आईचे तिकीट त्याच्या कार्डावर काढतो, वडिलांचे तिकीट मुलगी काढते, आणि हा खर्च कोणाच्या ध्यानीमनी नसताना उभा राहतो. आरक्षणाच्या पडद्यावर 'सोबत प्रवास करणाऱ्यांची तिकिटे एकत्र काढल्यास सामानाचे वजन एकत्र धरले जाईल', एवढी एक ओळ टाकली तर कंपनीचे काय बिघडेल? जिथे वजन एकत्र धरत नाहीत, तिथे तसे लिहावे. दोन्ही चालेल, फक्त लिहिलेले असावे.

याहून मोठा फटका परदेशी जाणाऱ्यांना बसतो. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोंच्या दोन बॅगा मिळतात. नागपूरचे आजी-आजोबा मुंबईहून न्यूअर्कला जाणार, म्हणून लेक मुंबई-न्यूअर्क तिकीट काढते आणि नागपूर-मुंबईचे स्वस्त तिकीट वेगळे काढते. त्या पहिल्या टप्प्यावर माणशी १५ किलोच असतात. ४६ किलोंतून १५ वजा केले तर ३१ किलो जादा. वर धरलेल्या दराने एकट्याचे २०,१५० रुपये, दोघांचे त्याच्या दुप्पट. देशांतर्गत तिकिटापेक्षा सामानाचे पैसे कितीतरी जास्त. नागपूर ते न्यूअर्क सगळे एकाच तिकिटावर काढले असते तर सर्वसाधारणपणे आंतरराष्ट्रीय सामानाचीच मर्यादा पहिल्या टप्प्यालाही लागू झाली असती. तिकिटाच्या दरात दोन-तीन हजारांचा फरक पडला तरी ते स्वस्त पडते. पर्याय म्हणून पहिला टप्पा रेल्वेने करावा. आमच्या संघात मी तेच सुचवते.

आता आधी घेतलेल्या जादा सामानाविषयी. ते स्वस्त असते हे खरे, पण ते ३, ५, १० किलो अशा ठरलेल्या टप्प्यांत विकले जाते. एकच किलो जास्त असलेल्या माणसाला ३ किलो घ्यावे लागतात, किंवा काउंटरवर एका किलोचे पैसे द्यावे लागतात. इथे हिशेब करावा लागतो. ३ किलोंची किंमत १,४०० धरली तर एका किलोसाठी काउंटरच स्वस्त, दोन किलोंना जवळपास सारखेच, तीन किलोंना आधी घेणे फायद्याचे. काउंटरवरचा दर तिकिटावर छापलेला नसेल तर हा हिशेब माणूस करणार कशाच्या आधारावर? शिवाय ही ऑनलाइन विक्री उड्डाणाच्या काही तास आधी बंद होते, आणि बॅग भरून होते ती बहुधा त्याच्या नंतर. काउंटर बंद होईपर्यंत ती विक्री चालू ठेवता येईल, निदान किलोकिलोने घेता येईल, अशी सोय कंपन्यांना करायला सांगावी. घरी लटकता काटा असणे हा त्यातला आजचा उपाय आहे. तीन-चारशे रुपयांत मिळतो, बॅगेच्या मुठीला अडकवायचा. त्याचा आणि विमानतळावरच्या काट्याचा थोडा फरक पडू शकतो, म्हणून अर्धा-एक किलो कमीच भरावे. विमानतळावरच्या काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचा शिक्का प्रवाशाला दिसेल असा असावा, आणि काउंटरच्या रांगेआधी एक मोकळा काटा ठेवावा. रांगेत शिरण्याआधी वजन कळले तर निम्मे वाद होणार नाहीत.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक सूट आहे, जी बऱ्याच पालकांना माहीत नसते. अनेक कंपन्या विद्यार्थी तिकिटावर १० किलो सामान जादा देतात. मात्र आरक्षण करतानाच तो प्रकार निवडावा लागतो आणि विमानतळावर महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवावे लागते. तिकीट काढून झाल्यावर ती मागता येत नाही. वसतिगृहात गाद्या-पुस्तके घेऊन जाणाऱ्या मुलांना याचा खरा उपयोग आहे. चाकांची खुर्ची, कुबड्या, चालायची काठी यांचे पैसे लागत नाहीत. तरी त्याची नोंद आरक्षणाच्या वेळीच करून ठेवावी.

जागेच्या पैशांकडे वळते. इथे आपला नियम स्पष्ट आहे. पसंतीची जागा, खाणे, सामान अशा सेवा वेगळे पैसे घेऊन देता येतात, पण त्या प्रवाशाने स्वतः होऊन निवडल्या तरच. त्याच्या माथी आधीच मारायच्या आणि नको असतील तर काढ म्हणायचे, हे चालणार नाही. ज्याने जागा निवडली नाही त्याला कंपनीने आपोआप जागा द्यायची आहे. म्हणजे जागेचे पैसे न देता विमानात बसता येते, तिकिटाच्या किमतीत एक जागा आहेच. हे वाक्य मी प्रत्येक सभासदाला सांगते आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य असते. कारण पडदा तसे सांगत नाही.

वेब चेक-इन उघडले की जागांचा नकाशा येतो. खिडकीच्या, कडेच्या, पुढच्या रांगांतल्या जागांवर किमती असतात. मोफत जागा असल्याच तर मधल्या आणि मागच्या. 'जागा निवडा' हे बटण मोठे, रंगीत. 'न निवडता पुढे जा' हे करड्या बारीक अक्षरांत कोपऱ्यात. ते दाबले की पुन्हा एक खिडकी येते आणि विचारते, खरेच सोबत्यापासून लांब बसायचे आहे का? आजी घाबरून तिथेच पैसे भरतात. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेरा प्रकार त्यात सांगितले आहेत. नको ते बटण उठून दिसेल आणि हवे ते लपेल अशी रचना करणे, आणि नकार देणाऱ्याला ओशाळवाणे करणे, हे दोन्ही त्यांत आहेत. विमानाच्या जागांचा पडदा त्या कसोटीवर तपासणे आपल्या आणि त्या प्राधिकरणाच्या एकत्र बैठकीत होऊ शकते. दोन्ही बटणे एकाच आकाराची, एकाच रंगाची, आणि मोफतच्या पर्यायापुढे '० रुपये' असे लिहिलेले, एवढेच पुरे आहे.

मुलांसोबत जाणाऱ्या आयांचा प्रश्न वेगळा आहे. एप्रिल २०२४ मध्ये आपण कंपन्यांना बजावले की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. फार चांगला निर्णय. पण सात वर्षांच्या मुलीला घेऊन निघालेल्या आईला जागांच्या नकाशावर हे कुठेच वाचायला मिळत नाही. तिला दोन शेजारच्या जागा, प्रत्येकीवर किंमत, एवढेच दिसते. मी अशा आयांना सांगते की तिकीट एकाच पीएनआरवर काढा, मुलीचे वय बरोबर भरा, जागा न निवडता चेक-इन करा. लांबच्या जागा आल्या तर थोडे लवकर काउंटरवर जा आणि आपल्या या निर्देशाचा उल्लेख करा. मुलीचे वय टाकल्याबरोबर 'आपल्या मुलीला आपल्या शेजारी मोफत जागा मिळेल' असे पडद्यावर आले पाहिजे. संगणकाला वय माहीत असते. तो ते सांगत नाही, कारण त्याला सांगायला लावलेले नाही.

सगळ्यांनीच जागेचे पैसे टाळावेत, असे मी म्हणत नाही. गुडघा वाकत नसलेल्या माणसाने पाय पसरायच्या जागेचे, आणि वारंवार उठावे लागणाऱ्याने कडेच्या जागेचे पैसे जरूर द्यावेत. आपोआप मिळणारी जागा मधली असण्याची शक्यता बरीच असते. जोडप्याला शेजारी जागा मिळेलच याचीही हमी नाही. दीड तासाच्या प्रवासात ते चालते की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. फक्त ठरवताना समोर खरी माहिती असावी.

चेक-इनच्या शुल्काबाबत माझे आपल्याकडे फारसे मागणे नाही, कारण तो प्रश्न मंत्रालयाने सोडवला आहे. कोरोनाच्या काळात वेब चेक-इन सक्तीचे झाले आणि काही कंपन्या काउंटरवर बोर्डिंग पास काढून द्यायचे आधी १०० आणि मग २०० रुपये घेऊ लागल्या. २१ जुलै २०२२ रोजी मंत्रालयाने कळवले की विमान नियम १९३७ मधील नियम १३५ नुसार हे पैसे भाड्याच्या व्याख्येत बसत नाहीत, ते घेऊ नयेत. तरीही आमच्या संघातले अर्धे लोक अजून समजतात की घरून चेक-इन केले नाही तर दंड लागतो, आणि म्हणून रात्री उशिरा घाबऱ्याघुबऱ्या मला फोन करतात. युरोपातल्या काही स्वस्त कंपन्या असे पैसे खरोखर घेतात, आणि मुलांनी तिथला अनुभव सांगितलेला असतो, त्यातून हा समज पक्का होतो. आपल्याकडच्या काउंटरवर एक मराठी पाटी लावावी: 'बोर्डिंग पास काढण्यासाठी शुल्क नाही.' देशांतर्गत उड्डाणांचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होते, ही वेळही त्याच पाटीवर असू द्यावी. पैसे वाचवण्याच्या नादात ती वेळ चुकली तर अख्खे तिकीट जाते.

तक्रारीचा मार्ग आज आहे. एअरसेवा पोर्टल आहे, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे. मी सभासदांना सांगते की न निवडलेल्या सेवेचे पैसे लागले तर त्याच क्षणी पडद्याचा फोटो काढा, काउंटरवर पैसे भरले तर कशाचे, किती किलोंचे, कोणत्या दराने हे लिहिलेली पावती घ्या. पण ज्याला दर आधी माहीतच नव्हता, तो तक्रार कशाची करणार? जास्त घेतले की बरोबर घेतले, हे ठरवायला त्याच्याकडे तुलनेचा आकडा नसतो.

तेव्हा २०२१ ची ती अट सर्व तिकिटांना लागू करावी. प्रत्येक ई-तिकिटावर, प्रवाशाच्या नावाखाली, चार गोष्टी रुपयांत आणि किलोंत छापायला लावाव्यात: या तिकिटात किती किलो आणि किती नग, विमानतळावर जादा किलोचा दर, जादा नगाचा दर, आणि ऑनलाइन सामान कोणत्या वेळेपर्यंत घेता येईल. दर नंतर वाढला तरी तिकीट काढताना छापलेलाच लागू राहावा. आणि हा मजकूर प्रवाशाने निवडलेल्या भाषेत, म्हणजे आमच्यासाठी मराठीतही असावा. यासाठी न्यायालयाने अडवलेली दरबंदी लागत नाही, नवा कायदा लागत नाही, एक सुधारित परिपत्रक पुरते. ते पुढच्या आंब्याच्या हंगामाआधी निघावे, अशी विनंती आहे.

आपली,
पुण्यातील एक प्रवासी आणि ज्येष्ठ नागरिक संघाची कार्यकर्ती